बत्तीस प्लेट्स आणि अर्धा सूत: एका स्कर्टची उसवून केलेली दुरुस्ती

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. गोदावरीला पाणी चढून दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं आणि पंचवटीतून सिडकोत माझ्या शिवणवर्गाला येणाऱ्या दोघी-तिघींनी सुट्टी घेतली होती. त्यातली एक मात्र भिजत आली. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने गडद निळा स्कर्ट काढला आणि म्हणाली, "ताई, हा बघा ना. कंबर बसवली तर खाली फुटतो, आणि खाली बसवला तर कंबर ढगळ होते. मला काही कळेना."

तिची मुलगी अकरावीत. कॉलेजच्या बँड पथकात होती, आणि 15 ऑगस्टच्या संचलनासाठी सगळ्या मुलींना एका बाजूला पडणाऱ्या धारदार प्लेट्सचा, म्हणजे नाइफ प्लीटचा स्कर्ट हवा होता. बाकीच्यांनी तयार आणले. हिला शिवता येतं, म्हणून हिने मेन रोडवरून 58 इंच पन्ह्याचं दीड मीटर कापड आणून स्वतः बेतलं. कच्च्या शिलाईवर सगळा स्कर्ट उभा केला होता, मशीन मारलेलं नव्हतं. प्लेटच्या कामात अंगावर घालून बघेपर्यंत मशीन मारायचं नाही, हा वर्गातला नियम तिने पाळला होता. त्यामुळेच पुढचं सगळं शक्य झालं. टेरीकॉटवर सुईची भोकं पडली की उसवल्यावरही ती दिसत राहतात.

मुलगी बरोबर होती. तिला स्कर्ट घालून उभं केलं. कमरेला घट्टही नव्हता आणि सैलही नव्हता. पण कमरेखाली चार इंचांपर्यंत जिथे प्लेट्स टाचल्या होत्या, तिथून खाली प्रत्येक प्लेट पंख्यासारखी उघडली होती. मागच्या बाजूला चार प्लेट्स इतर सगळ्यांपेक्षा वेगळ्या, तिरक्या पडत होत्या. डाव्या कुशीजवळची एक प्लेट तर नावालाच होती, आत पोटच नव्हतं तिला. ही तीनही लक्षणं एकाच चुकीची नव्हती, म्हणून स्कर्ट टेबलावर पसरला आणि एकेक उलगडत गेलो.

आधी उघडलेल्या प्लेट्स. मुलीची कंबर अंगाबरोबर 27½ इंच आणि सीट 38 इंच. हिने हिशेब कमरेपासून केला होता. तयार कंबर 28 धरली, 32 प्लेट्स ठरवल्या, म्हणजे प्रत्येक प्लेटचं बाहेर दिसणारं तोंड 7 सूत. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्लेटचं काम इंचात करता येत नाही, सुतातच करावं लागतं.) ते 7 सूत तिने वरपासून खालपर्यंत सरळ नेले. म्हणजे बंद प्लेट्सचा घेर कमरेला 28 आणि सीटवरही 28. त्यात 38 इंचांची सीट मावायची कशी? प्लेट्स उघडूनच. कापड कमी नव्हतं, आत भरपूर होतं. पण प्लेट्स बंद असतानाच त्यांच्या घेरात अंग मावलं, तरच प्लेटला धार राहते. उभं राहिल्यावर प्लेट उघडत असेल तर तिला कितीही इस्त्री करा, ती धार टिकत नाही.

म्हणून अशा स्कर्टचा हिशेब सीटपासून करायचा आणि कंबर नंतर घटवायची. सीट 38, त्यात वावरायला 2 इंच, झाले 40. बत्तीस प्लेट्सना वाटले तर प्रत्येकीचं तोंड सीटवर 1¼ इंच. आता कंबर हवी 28, म्हणजे 12 इंच कमी करायचे. बारा इंच बत्तीस प्लेट्समध्ये वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला येतात बरोबर 3 सूत. एवढंच करायचं असतं: सीटपासून वर जाताना प्रत्येक प्लेट शेजारच्या प्लेटवर 3 सूत जास्त चढवायची. डोळ्यांना ते दिसतही नाही, आणि स्कर्ट कमरेत बसतो.

कापडाचा हिशेबही इथेच करून टाकते, कारण पुढे तो लागणार आहे. प्लेटचं तोंड सव्वा इंच. आत जाणारं पोट पूर्ण घेतलं तर तेही सव्वा इंच खोल, म्हणजे जाऊन-येऊन अडीच. मी ते 1⅛ च घेते, जाऊन-येऊन 2¼. असं केल्याने एका प्लेटची आतली घडी शेजारच्या घडीच्या एक सूत अलीकडे थांबते, घडीवर घडी चढत नाही आणि इस्त्रीत फुगवटा येत नाही. तोंड आणि पोट मिळून एका प्लेटला 3½ इंच कापड लागलं. एका पन्ह्यात 16 प्लेट्स म्हणजे 56 इंच, आणि दोन्ही कडांना शिलाईसाठी एकेक इंच. पन्हा 58. दोन तुकड्यांत काम झालं. गंमत म्हणजे तिचंही कापड बरोबर एवढंच होतं, एका प्लेटला 3½ इंच हे तिनेही धरलं होतं. फक्त तोंड आणि पोट यांची वाटणी चुकली होती.

मग ती पोट नसलेली प्लेट आणि मागच्या चार तिरक्या प्लेट्स कशामुळे? त्यासाठी मी तिला विचारलं, "खुणा कशा केल्यास?"

तिने पर्समधून पुठ्ठ्याची पट्टी काढली. साडेतीन इंचांची, त्यावर तोंड आणि पोट यांच्या खाचा. पट्टी कापडावर ठेवायची, चॉकने रेघ मारायची, त्या रेघेला पट्टी लावून पुढची रेघ. अशी सोळा वेळा. बघायला पद्धत अगदी शिस्तीची वाटते, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी असंच शिकवतात. पण चॉकची रेघ अर्धा सूत जाड असते. ती पट्टी रेघेच्या पलीकडच्या कडेला लावत होती, म्हणून दर टप्प्याला अर्धा सूत पुढे सरकत होती. मी तिच्या रेघा टेपने मोजल्या. पहिल्यापासून दुसरी 3½ आणि अर्धा सूत. तिसरी पहिल्यापासून 7 इंच 1 सूत. सोळाव्या रेघेपर्यंत पंधरा टप्पे झाले आणि चूक साडेसात सुतांवर, म्हणजे जवळपास एक इंचावर पोहोचली. कुशीच्या शिलाईसाठी सोडलेला एक इंच त्यात गेला. तिला वाटलं कापडच कमी बेतलं. मग तिने शेवटच्या प्लेटच्या पोटातून शिलाई काढली, आणि ती प्लेट पोकळ राहिली.

कंबरेचंही तेच. प्रत्येक तोंड 7 सुतांऐवजी साडेसात झालं. बत्तीस वेळा अर्धा सूत म्हणजे 2 इंच. कंबर आली 30. ते दोन इंच मारायला तिने मागच्या चार प्लेट्स अर्धा-अर्धा इंच आत ओढल्या, आणि त्या तिरक्या पडल्या. मी हे कागदावर मांडून दाखवल्यावर ती बराच वेळ गप्पच बसली. एवढी व्यवस्थित बाई, दर टप्प्याला अर्ध्या सुताने चुकली आणि तेवढ्याने सगळा स्कर्ट गेला. यात तिच्या हाताचा दोष नव्हता. मागच्या खुणेवरून पुढची खूण करण्याच्या पद्धतीतच तो दोष आहे.

नवीन कापड घ्यावं का, हा पहिला प्रश्न होता. कडक इस्त्री झालेल्या जुन्या घड्या मोडतात का, हे कापडावर अवलंबून. मी कडेचे चार धागे उपसून चिमट्यात धरले आणि काडी लावली. धागे आक्रसून टोकाला कडक काळा मणी आला, थोडी राखही पडली. म्हणजे पॉलिस्टर जास्त, सोबत व्हिस्कोस किंवा कापूस. निव्वळ सुती असतं तर पाण्यात बुडवून काढलं की घड्या गेल्या असत्या. पॉलिस्टरला उष्णतेने बसलेली घडी पाण्याने जात नाही. पांढऱ्या व्हिनेगरचं पाणी लावून तुकड्यावर इस्त्री करून बघितली. रेघ फिकी झाली, पण उजेडात तिरकं धरलं की दिसतच होती.

तेव्हा उसवलेला तुकडा पुन्हा पसरला आणि जुन्या घड्या नव्या प्लेट्समध्ये नेमक्या कुठे येतील हे मोजलं. हा भाग मला फार आवडला, म्हणून सविस्तर सांगते. प्लेटला दोन घड्या असतात: बाहेरची धार आणि आतली पोटाची घडी. पहिली जुनी धार आणि पहिली नवी धार एकाच ठिकाणी ठेवायची ठरवली. त्यासाठी कुशीची शिलाई दीड सूत बाहेर सरकवावी लागली, तेवढी जागा होती. आता तिची चूक दर टप्प्याला पुढे, म्हणजे पोटाच्या दिशेने सरकत गेली होती. दुसरी जुनी धार नव्या धारेच्या अर्धा सूत आत, तिसरी एक सूत आत, आणि सोळावी साडेसात सूत आत. पोट नऊ सूत खोल. म्हणजे एकही जुनी धार बाहेर दिसत नव्हती, सगळ्या पोटात जात होत्या. पोटाच्या जुन्या घड्याही आतच राहत होत्या. जी चूक स्कर्ट बिघडवून गेली तीच नेमकी योग्य दिशेला होती. पट्टी रेघेच्या अलीकडच्या कडेला लावून ती मागे सरकत गेली असती, तर प्रत्येक प्लेटच्या तोंडावर जुनी रेघ आली असती आणि दुसरं कापडच घ्यावं लागलं असतं.

मेन रोडची फेरी वाचली. पण लगेच खुणा करायच्या नव्हत्या. आधी खालची दुमड.

तिने दुमड शेवटी ठेवली होती, साध्या स्कर्टला ठेवतो तशी. प्लेट्स पाडून झाल्यावर खालची कड दुमडायची तर प्रत्येक धार उघडावी लागते आणि इस्त्री गेली. म्हणून प्लेटच्या स्कर्टला खालची दुमड सगळ्यात आधी, कापड सपाट असताना. तयार लांबी 24 इंच, खाली दुमड 1½ आणि वर अर्धा इंच, असे तुकडे 26 इंच. लांबीत कमी-जास्त करायचं असेल तर ते पुढे वरून, कमरेला करायचं. उजवी कुशी जोडली, डावी उघडी ठेवली. जोड नेहमी पोटाच्या घडीवर आला पाहिजे, तोंडावर कधीच नाही. आणि दुमडीच्या आत जोडाची शिलाई फाकवून दाबायची, दुमडीच्या वर मात्र तिला एक कट देऊन एका बाजूला सोडायची. हा कट दिला नाही तर जोडाच्या जागी प्लेटची आतली घडी खालच्या कडेला बाहेर डोकावते. रस्त्याने जाताना असे स्कर्ट दिसले की माझा हात शिवशिवतो. दुमड हाताने घातली, बाहेर टाका दिसणार नाही अशी, आणि लगेच चांगली दाबून घेतली.

आता खुणा. आमच्या कापायच्या टेबलाच्या कडेला मी लांब कागदी पट्टी चिकटवली आणि त्यावर लोखंडी पट्टीने, एकाच शून्यापासून, सगळी मापं लिहिली. कुशीच्या शिलाईची रेघ शून्य. पहिली धार 2⅜ वर, मग 5⅞, 9⅜, 12⅞, असे दर वेळी साडेतीन मिळवत 54⅞ पर्यंत. लिहून झाल्यावर शेवटचा आकडा वेगळा मोजून बघायचा: पंधरा वेळा साडेतीन म्हणजे 52½, अधिक 2⅜, बरोबर 54⅞. जुळला तर मधले आपोआप जुळतात. चुकला तर चूक कागदावर पकडली जाते, कापडावर नाही. कापडी टेप यासाठी वापरला नाही. वर्षभर गळ्यात लटकून टेप ताणलेला असतो. माझाच एक जुना टेप लोखंडी पट्टीशी लावला तर 60 इंचांत दोन सूत लांब निघाला.

कापडावर प्रत्येक प्लेटच्या दोनच रेघा घेतल्या. एक घडीची रेघ, जी बाहेरची धार होणार, आणि दुसरी टेकायची रेघ, जिथे ती धार येऊन बसणार. घडीच्या रेघेपासून टेकायची रेघ 2¼ इंचांवर. मधली पोटाची घडी मी आखत नाही. धार जागेवर बसवली की पोट आपोआप मध्यावर दुमडतं. तीही आखली तर तीन रेघा एकमेकींशी भांडायला लागतात, आणि कोणती खरी मानायची कळत नाही.

घडीची रेघ दुमडीपासून कमरेपर्यंत एकदम सरळ, उभ्या धाग्यावर. टेकायची रेघ सीटपर्यंत सरळ, आणि तिथून वर कमरेपर्यंतच्या सात इंचांत घडीपासून हळूहळू लांब जात वरती 3 सूत सरकलेली. घट ही अशी टेकायच्या रेघेत घ्यायची, घडीच्या रेघेत नाही. धार उभ्या धाग्यावरच राहायला हवी. धार तिरकी कापडावर आली की ती उरेब पडते, इस्त्रीखाली ताणते आणि खाली लहरी येतात. ही तिरकी रेघ अगदी सरळही आखली नाही. सीटजवळ किंचित फुगीर ठेवली, कारण अंगही तिथे तसंच असतं. पुठ्ठ्यातून एकच आकार कापून सगळ्या बत्तीस ठिकाणी तोच लावला. पट्टी इथे चालते, कारण प्रत्येक वेळी ती कागदावरून आलेल्या पक्क्या खुणेला लावायची असते, मागच्या रेघेला नाही.

आखायला वाळलेल्या साबणाची पातळ चिप घेतली. मेणाचा चॉक गडद कापडावर छान उठतो, पण इस्त्रीची आच लागली की वितळून डाग सोडतो. साबणाची रेघ मात्र ओल्या फडक्याखाली नाहीशी होते, म्हणून त्याच रेघांवर धावदोरा घातला, घडीला पांढरा आणि टेकायला पिवळा. बत्तीस प्लेट्सच्या चौसष्ट रेघा, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. "एवढं कशाला ताई?" असं तिने एकदा विचारलं. मग प्लेट्स पाडताना पांढरा दोरा उचलून पिवळ्यावर ठेवायचा एवढंच काम उरलं, तेव्हा पुन्हा नाही विचारलं.

प्रत्येक प्लेट अशी बसवून आडव्या कच्च्या टाक्यांनी तीन ठिकाणी धरली: दुमडीच्या वर, मांडीवर आणि सीटवर. टाके धारेच्या अलीकडे घ्यायचे, धारेवरून नाहीत, नाहीतर दोऱ्याचा ठसा धारेवर उमटतो. सगळ्या धरल्यावर सीटवर घेर मोजला. चाळीस इंच दीड सूत. कापडाच्या जाडीमुळे घडीत एवढं इकडे-तिकडे होतंच. तीन प्लेट्समध्ये अर्धा-अर्धा सूत सरकवून जुळवलं. एकाच प्लेटमध्ये दीड सूत घेतला असता तर ती वेगळी दिसली असती.

इस्त्रीकडे येते. पहिल्यांदा तिने स्कर्ट गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे दिला होता. कोळशाची जड इस्त्री, धार सुरीसारखी आली होती. घरी आणून हँगरला लावला आणि दुसऱ्या दिवशी प्लेट्स मऊ झाल्या. "त्याची इस्त्री नीट नसेल" असं तिचं मत होतं. इस्त्री चांगलीच होती. चुकलं ते नंतर. पॉलिस्टर गरम झालं की मऊ पडतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो आकार धरतं. घडी इस्त्रीखाली मऊ होते, पण पक्की होते ती गार होताना. गरम आणि दमट असतानाच उचलून घडी घातली, पिशवीत कोंबलं, तर तो कोंबलेला आकार थोडाफार बसतो. त्यात आषाढातली हवा, कापडातली वाफ बाहेर जायला तयारच नसते.

आम्ही गादीच्या टेबलावर न करता लाकडी फळीवर इस्त्री केली, वर जुन्या धोतराचा एकच पदर. खाली मऊ असलं की धार त्यात रुतते आणि गोल होते. इस्त्री वूलच्या खुणेवर. त्याच्या वर नेली की हे कापड चकाकायला लागतं, आणि ती चकाकी पुन्हा जात नाही. आधी तुकड्यावर करून बघितलंच. प्रत्येक प्लेटच्या पोटाखाली ब्राऊन पेपरची पट्टी सरकवली, नाहीतर आतल्या घडीचा ठसा खालच्या तोंडावर उमटतो आणि बाहेरून प्लेटशेजारी दुसरी भुताची प्लेट दिसते. एका वेळी चारच प्लेट्स. पहिला दाब हलका, उलट्या बाजूने. मग कच्चे टाके काढले, मलमलचं फडकं भिजवून घट्ट पिळून वर ठेवलं आणि सुलट बाजूने पूर्ण भार देऊन दाबलं. इस्त्री सरकवायची नाही. ठेवायची, आठ-दहा आकडे मोजायचे, उचलायची, शेजारी ठेवायची. सरकवली की धार तिरकी पळते. फडकं कोरडं झालं की फडक्याशिवाय, म्हणजे ब्राऊन पेपरवरून, कोरडी इस्त्री, वाफ येणं थांबेपर्यंत. आणि लगेच वर गार लाकडी पाट उलटा ठेवला. पाट लाकडाचा हवा, ते वाफ शोषून घेतं. पाट काढून हात लावला तर कापड पूर्ण गार लागलं पाहिजे, मगच पुढच्या चार प्लेट्स ओढायच्या.

पाटाचा उपयोग किती होतो हे तिला पटावं म्हणून शेवटच्या चार प्लेट्सपैकी दोनच पाटाखाली ठेवल्या, दोन तशाच सोडल्या. सकाळी बघितलं तर सोडलेल्या दोन अंगठ्याने उघडल्यावर उघड्याच राहिल्या, पाटाखालच्या उघडून सोडल्या की परत मिटल्या. मला हीच खूण खरी वाटते. धार कशी दिसते ते बघू नका, ती परत मिटते का ते बघा. त्या दोन पुन्हा दाबल्या.

कमरेला पक्कं करायला सगळ्यात कमी वेळ लागला, कारण सगळं आधीच जमलं होतं. वरच्या कडेला प्रत्येक धार वरपर्यंत पिवळ्या दोऱ्यावर बसवत आणली. कंबर मोजली, 28 आणि एक सूत. तो सूत बेल्टच्या शिलाईत गेला. अर्धा इंच रुंद सुती फीत 28 इंच कापून तिच्यावर चार खुणा केल्या आणि आतल्या बाजूने प्लेट्स तिला कच्च्या टाचल्या. एका चतुर्थांशात आठ प्लेट्स. फीत नसेल तर कमरेत चार पदरी कापड मशीनखाली ताणतं आणि बेल्ट लावेपर्यंत कंबर अर्धा इंच वाढलेली असते. चार पदर ही अंदाजाची गोष्ट नाही. 112 इंच कापड 28 इंचात बसवलंय, सरासरी चार पदर होणारच. म्हणून सोळा नंबरची सुई, टाका जरा मोठा, आणि मशीन प्लेट ज्या बाजूला पडते त्याच दिशेने चालवायचं, म्हणजे पाय धारेवरून खाली उतरतो. उलट दिशेने चालवलं तर पाय प्रत्येक धारेला अडतो, तिला ढकलतो, आणि तिथे नव्या चुण्या पडतात. तिने एक टप्पा उलटा मारून बघितला, तीन प्लेट्समध्येच थांबली.

कमरेखाली चार इंच प्रत्येक धारेच्या कडेने वरून शिलाई मारली. ही शिलाई नेहमी खालून वर, कमरेकडे मारायची. कापड पायाखाली थोडं सरकलं तर ते वर कमरेला जातं आणि बेल्टमध्ये लपतं. वरून खाली मारली तर ती सूज चार इंचांवर, शिलाई संपते तिथेच, फुगा होऊन दिसते. खालच्या टोकाला उलटा टाका न मारता दोरे आत ओढून गाठ मारली. पाच इंचांपर्यंत शिलाई न्यावी का, असं तिने विचारलं. पथकातल्या मुलीला गुडघा उचलून चालायचं असतं, सीटच्या जवळ प्लेट बांधली तर पाऊल आखडतं. चारच ठेवली. मग बक्रम घातलेला सव्वा इंचाचा बेल्ट, डाव्या कुशीत पोटाच्या घडीत चेन, वर हूक. चेनवरची प्लेट अर्थातच खाली शिवता येत नाही, ती मोकळी राहते.

मुलीने घातला, वर्गातल्या वर्गात पाय उचलून चालून दाखवलं. उभी राहिली की बत्तीस धारा मिटत होत्या. जुन्या चुकीच्या रेघा फक्त प्लेट हाताने उघडली तरच दिसत होत्या.

पुढच्या रविवारी मुलगी सरावाहून आल्यावर तिच्या आईने फोन केला. सगळं नीट होतं, फक्त चेनवरची ती मोकळी प्लेट पाय उचलला की बाहेर फडफडायची. "मावशी, सगळ्या रांगेत माझीच एक उघडी दिसते," असं मुलगी मागून सांगत होती. बेल्टच्या खाली दोन इंचांवर, पोटाच्या आतून एक टिच बटण लावायला सांगितलं. आणि धुताना मात्र आधी सगळ्या प्लेट्स खाली आणि मध्ये लांब टाक्यांनी बांधून घे, पिळू नकोस, तशीच पाणी निथळत टांग, हेही सांगितलं. बटण तिने त्याच रात्री लावलं.